बांबूच्या एका दिव्याची खरी किंमत

हाताने वस्तू बनवणाऱ्या बहुतेक घरांत किंमत ठरवायची एक सोपी रीत असते. सामानाला जेवढे पैसे पडले त्याच्या दुप्पट सांगायचे. कुणी फारच धीट असेल तर तिप्पट. गिऱ्हाईक घासाघीस करतं, मग थोडे कमी करायचे आणि वस्तू द्यायची. हातात आलेली रक्कम सामानाच्या खर्चापेक्षा जास्त दिसते, म्हणून वाटतं की नफा झाला.

ही रीत कधी जमते आणि कधी फसते हे सामान आणि वेळ यांच्या प्रमाणावर ठरतं. ज्या वस्तूत सामान महाग आणि काम थोडं, तिथे दुप्पट पुष्कळ होतात. पण बांबू, काथ्या, शिवणकाम, लाकडावरची रंगरंगोटी अशा कामांत सामान स्वस्त असतं आणि हात तासन्‌तास गुंतलेले असतात. तिथे सामानाची तिप्पटही पुरत नाही. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एकच वस्तू घेऊ आणि तिचा हिशोब शेवटपर्यंत नेऊ.

वस्तू आहे बांबूच्या कामट्यांनी विणलेला, छताला टांगायचा दिवा. तारकर्ली, मालवण, वेंगुर्ल्याकडच्या पर्यटकांच्या खोल्यांत आणि जेवणघरांत असे दिवे शोभतात. करणारी म्हणून कुडाळ तालुक्यातली एक कारागीर बाई धरू. घरच्या पडवीत काम करणारी, मदतीला कुणी नाही. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्याकडे काठीचा भाव वेगळा असेल, हाताचा वेग वेगळा असेल. आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे हिशोब एका दिव्याचा करायचा नाही, पूर्ण खेपेचा करायचा. एका दिव्याला किती काठी लागली, किती पॉलिश लागलं हे कुणालाच नीट सांगता येत नाही. पण दहा दिव्यांना मिळून काय आणलं आणि काय संपलं हे सांगता येतं.

दहा दिव्यांसाठी माणग्याच्या सहा काठ्या लागतात असं धरू. माणगा हा सिंधुदुर्गात बांधावर, परसात होणारा भरीव बांबू. टेंपोभाड्यासकट एक काठी ८० रुपयांना पडली तर ४८० झाले. यातल्या गाठी, वाकडे तुकडे आणि फोडताना बिघडलेल्या कामट्या चुलीत जातात. त्यांचे पैसे वजा करायचे नाहीत, कारण पैसे पूर्ण काठीचे दिलेले असतात. पुढे कीड लागू नये म्हणून कामट्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात घालाव्या लागतात, त्याचे ९०. सँडपेपर, गोंद आणि पॉलिश ३८०. बांधायची बारीक तार आणि दोरा १००. सांगाड्याचं सामान झालं १,०५० रुपये.

याशिवाय प्रत्येक दिव्याला होल्डर, वायर आणि छताला लावायची वाटी यांचे ११० रुपये, आणि खोका व आतल्या कागदाचे ४५. म्हणजे दिव्यामागे १५५. होल्डरच्या बिलावर जीएसटी असतो. वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असल्यामुळे आपली नोंदणी नसेल, तर तो कर परत मिळत नाही. म्हणून बिलातला शेवटचा आकडा धरायचा, कराच्या आधीचा नाही.

आता बहुतेक जण १,०५० ला दहाने भागतात. इथे जरा थांबायला हवं. दहा सांगाडे सुरू केले म्हणून दहा दिवे विकायला मिळत नाहीत. एखादा विणताना कलतो, एखाद्याची कामटी पॉलिश चढवल्यावर तडकते. दहातले नऊ चांगले निघत असतील तर भागायचं नऊने. १,०५० भागिले ९ म्हणजे साधारण ११७. वायर आणि खोका मात्र फुकट गेलेल्या दिव्याला लागतच नाहीत, त्यामुळे ते १५५ तसेच. एका दिव्याचं सामान झालं २७२ रुपये.

जुन्या रीतीने हा दिवा ५४४ ला गेला असता. तिप्पट केली तर ८१६ ला. हे दोन आकडे लक्षात राहू देत.

वेळ मोजण्यात सगळ्यात जास्त गफलत होते, आणि ती नेहमी एकाच बाजूला होते. कारागिराला विचारलं की “दिव्याला किती वेळ लागतो?”, तर ती विणण्याचा वेळ सांगते, तोही जो दिवा सगळ्यात भरभर झाला त्याचा. “दोन तासांत होतो.” हे खोटं नसतं. पण विणायला बसण्याआधी काठी फोडून झालेली असते, आणि विणून उठल्यावर पॉलिश राहिलेलं असतं.

म्हणून एका पूर्ण खेपेचे तास भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून काढावेत. कामाला बसलो की वेळ लिहायची, उठलो की लिहायची. मध्ये भात लावायला किंवा दारात आलेल्या माणसाशी बोलायला उठलो तर तो वेळ वजा. कामट्या सावलीत सुकत पडल्या आहेत ते दिवस मोजायचे नाहीत, कारण तेव्हा हात मोकळे असतात. पण त्या उलटायला आणि पावसाची सर आली की आत घ्यायला गेलेला वेळ मोजायचा.

आपल्या उदाहरणात दहा सांगाड्यांसाठी काठ्या फोडून कामट्या काढायला ६ तास गेले. औषधाच्या पाण्यात घालणं, काढणं, सुकवणं यात हाताचे २ तास. कामट्या तासून गुळगुळीत करायला ७ तास. विणायला २०. पॉलिशला ५. उरलेल्या नऊ दिव्यांना वायर जोडणं, लावून पाहणं आणि खोक्यात भरणं यात ५. एकूण ४५ तास, आणि विकण्यासारखे दिवे नऊ. म्हणजे एका दिव्याला ५ तास. “दोन तासांत होतो” म्हणणाऱ्या बाईचेच हे ५ तास आहेत.

या तासाला भाव काय लावायचा? तळ कुठे आहे ते आधी पाहू. रोजगार हमीच्या कामाला महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाचे ३१२ रुपये ठरले होते. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. ही अंगमेहनतीच्या, शिकून यावं लागत नाही अशा कामाची मजुरी आहे. एकसारखी कामटी काढायला हात बसावा लागतो, त्याला वर्षं जातात. तेव्हा ३९ च्या खाली जाण्याचा प्रश्नच नाही, आणि तिथेच थांबण्याचंही कारण नाही. आपल्या गावात सुतार किंवा गवंडी रोज किती घेतो ते विचारावं आणि आपलं काम त्याच्याशी ताडून पाहावं. आपण इथे दिवसाचे ६४०, म्हणजे तासाला ८० रुपये धरू. पाच तासांचे ४०० झाले.

इथे बऱ्याच बायका म्हणतात, “आपल्याच घरचं काम, त्याची मजुरी कसली?” मला हे वाक्य मनापासून खटकतं. उद्या बाळंतपण आलं, हात दुखावला, किंवा ऑर्डर मोठी आली आणि शेजारणीला मदतीला बोलवावं लागलं, तर तिला पैसे द्यावेच लागतील. किमतीत मजुरी धरलेली नसेल तर ते कुठून देणार? मदतनीस ठेवल्याबरोबर धंदा तोट्यात जातो ही तक्रार खूप ऐकू येते. मदतनिसामुळे तोटा होत नसतो. तो आधीपासून असतो, फक्त आपल्याच हातांनी फुकट भरून काढलेला असतो.

आता वरखर्च. एखाद्या दिव्याकडे बोट दाखवून “हा याचा खर्च” असं सांगता येत नाही, पण धंदा चालू ठेवायला जो करावाच लागतो तो. आपल्या बाईचा वर्षाचा वरखर्च असा धरू. पडवीचा वापर आणि वीज मिळून महिन्याला ६००, वर्षाचे ७,२००. फोन ३,६००. ड्रिल, घासायचं मशीन, कोयते, सुऱ्या मिळून १८,००० ची हत्यारं आणि ती साधारण तीन वर्षं चालतात, म्हणून वर्षाला ६,०००. धार लावणं आणि दुरुस्ती २,२००. काठ्या बघायला, सामान आणायला, दुकानात माल पोचवायला जाण्याचं पेट्रोल आणि एसटी ९,०००. नमुने, कागदपत्रं, बारीकसारीक २,०००. बेरीज ३०,००० रुपये.

घर स्वतःचं असलं तरी पडवीचे पैसे धरायचे का? धरायचे. ती जागा कामाला गुंतली आहे, आणि उद्या काम वाढून बाहेर गाळा घ्यावा लागला तर किंमत एकदम वाढवता येणार नाही. थोडे का होईनात, आजपासून असावेत.

पण वरखर्चातला मोठा भाग रुपयांत दिसतच नाही, तो तासांत असतो. काठ्या निवडायला बागेत जाणं, फोटो काढणं, “किती दिवसांत मिळेल?” या फोनना उत्तरं देणं, वही लिहिणं. हे काम आहे आणि त्यातून एकही दिवा तयार होत नाही.

वर्षाचे तास मोजून पाहू. घरचं सांभाळून दिवसाला ५ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे वर्षाचे १,५०० तास. पण हे कोकण आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच पाणी असतं. कामट्या सुकत नाहीत, पॉलिश चिकट राहतं, काळी बुरशी धरते. शिवाय लावणी असते आणि मग गणपती येतात. या चार महिन्यांत निम्मंच काम होतं असं धरलं तर २५० तास गेले. उरले १,२५०. त्यातले २५० तास वर सांगितलेल्या, दिवा न बनवणाऱ्या कामांना जातात. खरोखर दिवे बनवायला उरले १,००० तास.

त्या २५० तासांची मजुरीही ८० ने धरायची, २०,००० रुपये. रोखीचे ३०,००० आणि हे २०,००० मिळून ५०,०००. ते १,००० तासांवर वाटले की बनवण्याच्या प्रत्येक तासावर ५० रुपये वरखर्च बसतो. दिव्याला ५ तास, म्हणजे २५० रुपये.

हीच गोष्ट अंदाजाने केली तर काय होतं पाहा. फक्त रोखीचे ३०,००० घेतले आणि पूर्ण १,५०० तासांनी भागले, तर तासाला २० येतात आणि दिव्याला १००. एका दिव्यामागे १५० रुपयांचा फरक. १,००० तासांत दिवे होतात २००, म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये किमतीत कधी शिरलेच नाहीत. एवढी मोठी फट पडते ती पावसाळा आणि फोन यांचे तास विसरल्यामुळे.

तर दिव्याचा खर्च झाला सामान २७२, मजुरी ४००, वरखर्च २५०, एकूण ९२२ रुपये. मघाचे ८१६ आठवा. सामानाच्या तिप्पट किमतीलासुद्धा हा दिवा शंभरावर रुपये तोट्यात जात होता.

मजुरी मिळाली म्हणजे नफा झाला असं नव्हे. मजुरी कामाची. नफा जोखमीचा. वाटेत फुटलेला दिवा, वर्षभर पडून राहिलेला दिवा, नवीन नमुना करून पाहताना फुकट गेलेला आठवडा, हे सगळं त्यातून भागवायचं. दहा टक्के म्हणजे ९२ रुपये धरू. दिवा झाला १,०१४ ला. हा कारागिराच्या हातात पडायलाच हवा असा आकडा आहे. याला मी घरचा भाव म्हणते.

आता दिवा दुकानात ठेवायचा आहे. मालवणच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या दुकानदाराने सांगितलं की विकल्या किमतीवर ३५ टक्के कमिशन. बाई घरी येऊन १,०१४ वर ३५ टक्के चढवते आणि १,३७० ची चिठ्ठी लावते. बरोबर वाटतं. पण दुकानदार कमिशन कापतो ते १,३७० वर. त्याचे ३५ टक्के झाले ४८० आणि बाईच्या हातात आले ८९०. नफा तर गेलाच, ९२२ चा खर्चही निघाला नाही. दिवे भराभर खपत असतील तर तोटाही तेवढ्याच भराभर वाढतो, आणि दुकान चांगलं चाललंय म्हणून ती आणखी माल नेऊन देते.

इथे चढवायचं नसतं, भागायचं असतं. दुकानदार शंभरातले ३५ घेणार म्हणजे आपल्याला ६५ उरणार. म्हणून १,०१४ ला ०.६५ ने भागायचं. उत्तर १,५६०. ताळा करून पाहा. १,५६० चे ३५ टक्के ५४६, ते वजा केले की बरोबर १,०१४ उरतात. कमिशन ४० टक्के असेल तर ०.६० ने भागायचं, २५ असेल तर ०.७५ ने. ऑनलाइन विकताना कापली जाणारी फी विकल्या किमतीवर असते तिथेही हीच रीत.

मग घरी आलेल्या गिऱ्हाइकाला दिवा कितीला द्यायचा? १,०१४ ला द्यायचा मोह होतो, पण देऊ नये. एक तर दुकानात १,५६० ची चिठ्ठी पाहिलेला पर्यटक तुमच्या पडवीत हजाराला दिवा मिळतो हे कळल्यावर दुकानात घेणार नाही, आणि दुकानदार पुढच्या वेळी तुमचा माल ठेवणार नाही. दुसरं म्हणजे ५४६ रुपये दुकानदाराला उगाच मिळत नाहीत. तो भाडं भरतो, दिवसभर बसतो, दिवा काढून दाखवतो. ते काम तुम्ही केलं तर ते पैसे तुमचे.

आणि ते काम खरंच किती पडतं हेही मोजता येतं. समजा दोन दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला. भाडं १,५००, जाण्यायेण्याला ७००, आणि नेहमीच्या कामाच्या तासांबाहेर तिथे बसलेले २० तास, त्यांचे १,६००. एकूण ३,८००. एका दिव्यामागे ५४६ वाचतात, म्हणजे सात दिवे विकले तर स्टॉलचा खर्च निघाला. पाचच विकले गेले तर दुकानातच दिले असते तर बरं होतं. गल्ल्यात पाच दिव्यांचे ७,८०० पाहून हे कळत नाही, म्हणून स्टॉलवर जाण्याआधीच हा सातचा आकडा काढून ठेवावा.

एखादा हॉटेलवाला एकदम बारा दिवे मागतो आणि कमी करायला सांगतो, तेव्हा मात्र जागा आहे. तिथे विकण्याचं काम एकदाच होतं, पैसे एकदम येतात, वेगवेगळे खोके लागत नाहीत. १,५६० चे १,२०० करता येतील. १,०१४ पर्यंतही जाता येईल. ९२२ च्या खाली जाणं म्हणजे आपल्या खिशातून त्याची खोली सजवणं.

“दिवो येवढो म्हाग कित्याक?” हा प्रश्न येणारच, आणि काही वेळा त्यात तथ्य असतं. बाजार खरंच १,५६० देत नाही असं दिसलं, तर पहिला हात मजुरीवर पडतो. ८० चे ५० करू. तसं करू नये. आधी तासांच्या यादीकडे पाहावं. ४५ पैकी २० तास विणण्यात जातात. आतून आधार देणारा लाकडी साचा सुताराकडून करून घेतला आणि २० चे १४ तास झाले, तर दिव्यामागे ४० मिनिटं वाचतात. एका तासाचे मजुरी आणि वरखर्च मिळून १३० रुपये होतात, म्हणजे ८७ रुपये वाचले. दहा टक्के नफा आणि दुकानाचं कमिशन धरून चिठ्ठीवरची किंमत जवळजवळ १५० रुपयांनी उतरते, आणि कुणाचीही मजुरी कापली जात नाही. याउलट काठीवाल्याशी भांडून काठीमागे १० रुपये कमी केले तर दिव्यामागे सातही रुपये सुटत नाहीत. घासाघीस कुठे करायची हे यावरून कळतं.

साच्याच्या हिशोबात एक अट आहे, ती लपवून चालणार नाही. वाचलेल्या वेळात जास्त दिवे झाले आणि ते विकले गेले, तरच वरखर्च खरोखर पातळ होतो. तेवढ्याच १,००० तासांत आता २३० दिवे होतील. गिऱ्हाइकं २०० च असतील तर वाचलेली वेळ घरच्या कामाला मिळाली एवढाच फायदा. तोही मोठा आहे, पण तो वहीत दिसणार नाही.

किंमत चुकली आहे की नाही हे दोन ठिकाणी तपासता येतं. एक म्हणजे किती दिवे फुकट जातात. आपण दहात एक धरला. पावसात घाईने केलेल्या खेपेत तीन गेले तर सांगाड्याचं सगळं सामान आणि ४० तास सातच दिव्यांवर पडतात, आणि ९२२ चा खर्च १,१२० च्या आसपास जातो. बाहेरून दिवा तसाच दिसतो, चिठ्ठी तीच असते, फक्त दर दिव्यामागे दोनशे रुपये कमी उरतात. यावर उपाय किमतीत नाही, कामाच्या वेळापत्रकात आहे. पाऊस गेल्यावर हिवाळ्यात निदान तीन वर्षांच्या जून काठ्या तोडायच्या. त्या वेळी बांबूत पिठूळपणा कमी असतो, म्हणून भुंगेरेही कमी लागतात. कामट्या तेव्हाच औषधात घालून, सावलीत सुकवून, जमिनीपासून उंच बांधून ठेवायच्या. पावसात घरात बसून फक्त विणायचं आणि पॉलिश उघाडीवर ठेवायचं. दिवा विकून काही महिन्यांनी गिऱ्हाइकाने “खाली पिवळी भुकटी पडते” असा फोन केला, तर समजावं की औषध नीट मुरलेलं नाही. असे बदलून दिलेले दिवेही फुकट गेलेल्यांत मोजायचे.

दुसरं ठिकाण वर्षअखेरीचं. विकल्या गेलेल्या दिव्यांना २५० ने गुणायचं. एवढा वरखर्च गिऱ्हाइकांनी आपल्याला दिला. तो ५०,००० च्या शेजारी ठेवायचा. २०० दिवे गेले असतील तर दोन्ही आकडे जुळतात, आणि बाईच्या हातात मजुरीचे एक लाख, म्हणजे महिन्याला साधारण ८,३०० आणि वर नफ्याचे अठरा हजार येतात. १४० च दिवे गेले असतील तर वरखर्चाचे ३५,००० आले. १५,००० कमी पडले आणि ते तिच्या मजुरीतून गेले. तेव्हा पुढच्या वर्षी किती दिवे खपतील हे इच्छेने न ठरवता या वर्षीच्या वहीवरून ठरवायचं, आणि वरखर्च तेवढ्याच दिव्यांवर वाटायचा. दिव्याचा वरखर्च वाढेल. मग किंमत वाढवायची, की वर्षातले काही तास दुसऱ्या वस्तूला द्यायचे, की खर्चातलं काही बंद करायचं, हे निदान आकडे समोर ठेवून ठरवता येतं.

नवे दर दिवाळीच्या आधी काढावेत. पर्यटकांचा हंगाम तिथून मे महिन्यापर्यंत चालतो आणि मध्येच चिठ्ठी बदलली तर दुकानदार कुरकुरतो. मात्र काठीचा किंवा होल्डरचा भाव मध्येच मोठा चढला, किंवा खेपेतून नऊऐवजी आठच दिवे निघू लागले, तर हंगाम संपायची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात वही उघडून सामान, मजुरी आणि वरखर्चाची बेरीज पुन्हा करावी, नफा धरून आलेल्या घरच्या भावाला ०.६५ ने भागावं आणि नवी चिठ्ठी लावावी.